पावणेदोन कप पिठीसाखर

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो, तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की कोल्हापूर जिल्ह्यात वजनाविषयी मला कोणी काही शिकवू शकत नाही. ही समजूत निवृत्तीनंतर चार वर्षं टिकली. मग आमच्या कॉलनीच्या महिला मंडळानं दिवाळीचा फराळ करायला घेतला, आणि पिठीसाखरेनं ती आठ दिवसांत मोडून काढली.

आमची कॉलनी कळंब्याच्या बाजूला आहे. कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे मोठं प्रस्थ. माहेर नेसरीकडचं, शेती उसाची, आवाज असा की त्यांनी गच्चीवरून हाक मारली की तलावावरचे बगळे उठावेत. त्यांच्या घरी मंडळाची सभा भरली आणि ठराव झाला की यंदा वृद्धाश्रमाला दिवाळीचा फराळ मंडळातर्फे द्यायचा. पण चकली-लाडू सगळेच देतात, म्हणून आपण 'आधुनिक फराळ' द्यायचा. आधुनिक म्हणजे काय, हे ठरवायला आमच्या मागच्या गल्लीत एक बाई तयारच होत्या. त्यांनी पुण्यात लेकीकडे राहून बेकिंगचा ऑनलाइन क्लास केला होता आणि परत आल्यापासून सगळे त्यांना मॅडम म्हणायला लागले होते. मॅडमनी यादी दिली: नानकटाई, ब्राउन शुगरच्या कुकीज आणि बटर केक. पहिल्यात पिठीसाखर, दुसऱ्यात ब्राउन शुगर, तिसऱ्यात कॅस्टर शुगर.

ही यादी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा अध्यक्षबाईंनी लगेच आवाजी संदेश टाकला. बायकोनं तो मोठ्यानं लावला होता म्हणून मलाही ऐकू आला.

"कॅस्टर म्हंजे एरंडेल न्हवं काय? म्हाताऱ्या माणसांस्नी दिवाळीला एरंडाची साखर घालायची व्हय? आधुनिक झालं म्हणून काय जुलाब द्यायचं काय?"

मॅडमनी समजावलं की कॅस्टर शुगर म्हणजे आपलीच साखर, फक्त दाणा बारीक, रव्यासारखा. त्यावर अकरा जणींनी अंगठे दाखवले आणि विषय संपला.

सगळं भाजायचं होतं ते बाजारातल्या चाचांच्या बेकरीत. दिवाळीच्या आधी आमच्याकडे लोक मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत जातात आणि आपल्या डोळ्यांदेखत बिस्किटं, नानकटाई भाजून डबे भरून आणतात. चाचांची ही तिसरी पिढी. लाकडाची भट्टी, काळे पडलेले पत्रे, आणि भिंतीला टेकवलेला मोठा तराजू. तो तराजू मी ओळखत होतो. पंधराएक वर्षांपूर्वी त्याच्यावरचा शिक्का जुना झाला म्हणून मीच तो बंद करून ठेवला होता. माप चोख होतं, शिक्का तेवढा नव्हता. चाचा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "साहेब, माल बरोबर हाय, कागूद चुकलाय. बंद करा की, तुमचं काम हाय ते." पुढच्या आठवड्यात त्यांनी शिक्का मारून घेतला. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना लांबून रामराम करायचो.

मंडळातल्या बायकांना एवढा हिशेब जमेल का, अशी शंका कोणीतरी काढली. त्यावर आमची ही अभिमानानं म्हणाली, "आमच्या ह्यांना घेऊया की. जन्म गेला त्यांचा वजनात." अशा रीतीनं माझी तांत्रिक सल्लागार म्हणून बिनविरोध निवड झाली. मी नाही म्हणालो असतो, पण मला कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. निवृत्तीनंतर माणसाला सल्लागार होण्याची फार भूक असते.

पहिली खेप नमुन्याची होती, एक किलो मैद्याची. मॅडमची कृती कपात होती: आठ कप मैदा, अडीच कप तूप, अडीच कप साखर. कप म्हणजे त्यांच्याकडचा प्लास्टिकचा, दांड्याचा, दोनशे चाळीस मिलीचा. साखर कुठली, तर यादीत पिठी होती आणि कृतीत नुसतं साखर लिहिलेलं. पण आपल्या बाजारची साखर चांगली टपोऱ्या दाण्याची. ती तुपात विरघळत नाही, नानकटाईत तशीच कचकचते. म्हणून ती दळून घालायची, हे आमच्या हिलाही ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, "अडीच कप साखर म्हणजे अडीच कप पिठीसाखर. साखर ती साखरच." मला त्यात काही गैर दिसलं नाही. मी मान डोलावली. तांत्रिक सल्ला म्हणतात तो हाच.

बेकरीत आम्ही पाच जण गेलो. चाचांनी आमचं पीठ हातात घेतलं, बोटांनी जरासं दाबून बघितलं आणि विचारलं, "साखर किती घातलीसा?"

"अडीच कप," मॅडम म्हणाल्या.

"कप ऱ्हाऊ द्या. वजनानं किती?"

कोणालाच माहीत नव्हतं. चाचांनी खांदे उडवले आणि पत्रा भट्टीत सरकवला.

नानकटाई बाहेर आली ती जशी आत गेली तशीच. गोळा करून ठेवली होती, गोळाच राहिला. पसरली नाही, वर तडे गेले नाहीत, रंग चढला नाही. पांढरीफटक, खडूसारखी. चाचांनी एक फोडून तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिले.

"पथ्याची हाय काय?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षबाईंनी एक खाल्ली. "मॅडम, ह्यात साखर घातलीसा का नुसती दावलीसा?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की पुण्याची भट्टी विजेची असते, ही लाकडाची, त्यानं फरक पडत असेल. मी म्हणालो की मैद्याचा दोष असू शकतो. भट्टीचं नाव निघालं तेव्हा चाचांनी एकदा भट्टीकडे बघितलं, जसं आपल्या पोराची कोणी चुगली केली की आपण पोराकडे बघतो तसं.

त्या संध्याकाळी सगळा व्हॉट्सअ‍ॅप गट कामाला लागला. मॅडमनी शोधून काढलं की चूक मापातच होती. दळलेली साखर फुगते, तिच्यात हवा राहते. म्हणून एक कप साध्या साखरेच्या जागी पावणेदोन कप पिठीसाखर घ्यावी लागते. ही माहिती खरी होती. अगदी बरोबर होती. कपाभर साखर भरते दोनशे ग्रॅम, पण तोच कप पिठीसाखरेनं भरला तर साधारण एकशेवीसच ग्रॅम बसते. म्हणजे आम्ही पाचशे ग्रॅम साखरेच्या जागी फक्त तीनशे ग्रॅम घातली होती. म्हाताऱ्यांना आम्ही खडू खायला घालणार होतो, त्याचं कारण हे होतं.

पण हे दोनशे आणि एकशेवीस मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्यापुढे फक्त एक आकडा आला: पावणेदोन. आणि आकडा दिसला की मी चेकाळतो.

आता खरी खेप होती, पाच किलो मैद्याची. मी अध्यक्षबाईंच्या घरी सोफ्यावर बसून जाहीर केलं की कप हे अशास्त्रीय माप आहे. एवढा मोठा घाणा कपानं मोजणं म्हणजे समुद्र चमच्यानं मोजणं. आपण वजनानं जाऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी कागदावर मांडलं: पाच किलो मैद्याला साखर अडीच किलो. पिठीसाखर पावणेदोन पट. अडीच गुणिले पावणेदोन, म्हणजे चार किलो तीनशे पंचाहत्तर ग्रॅम.

आमची ही हळूच म्हणाली, "अहो, एवढी? तूप अडीच किलो आणि साखर सव्वाचार किलोच्या वर? आमची आई तूप आणि साखर बरोबरीनं घ्यायची."

मी म्हणालो, "अगं, तुझी आई साधी साखर धरायची. ही पिठी आहे. हे शास्त्र आहे."

"आईपण पिठीच घ्यायची," ती म्हणाली. पण मी कागद घडी घालून खिशात ठेवला होता. खिशात ठेवलेल्या कागदाशी कोणी वाद घालू शकत नाही, हे मी सरकारी नोकरीत शिकलो होतो.

बेकरीत चाचांनी पीठ बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"साहेब, साखर जास्त हाय."

"चाचा, वजन करून घातली आहे. ग्रॅमला ग्रॅम." एवढं बोलून मी नको ते बोललो. "वजनाचं तुम्ही मला सांगू नका."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "बरं. भाजूया की." आणि पत्रे आत गेले.

दहा मिनिटांत बेकरीत साखर करपल्याचा वास सुटला. आधी मला तो खमंग वाटला. मग चाचांनी लांब दांड्याच्या उलथन्यानं पहिला पत्रा बाहेर ओढला. त्यावर एकही नानकटाई नव्हती. होतं ते एकच, पत्र्याएवढं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोळे पसरले होते, एकमेकांत मिसळले होते आणि कडांना काळे पडले होते. मध्ये मध्ये वेलदोड्याचे आणि पिस्त्याचे तुकडे उभे होते, पुरात घरांची छपरं दिसावीत तसे. दुसरा पत्रा तसाच. तिसराही.

अध्यक्षबाई पुढे आल्या, कडेचा एक तुकडा मोडला, खाल्ला आणि डोळे मिटले. "माझं दात," एवढंच म्हणाल्या.

बेकरीत आणखी चार घरची माणसं डबे घेऊन उभी होती आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला विचारलेलं मला ऐकू आलं, "हे वजनमापेवालं साहेब न्हवं?" दुसरा म्हणाला, "व्हय की. तेच हायत." तेवढं पुरे होतं.

मॅडम रडवेल्या झाल्या. "पण पावणेदोनच लिहिलं होतं," त्या म्हणत होत्या, "मी चारदा वाचलं."

चाचांनी हात पुसले. "पावनं," ते बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणाले, "पाच मिनटं थांबा जरा." मग त्यांनी गल्ल्यामागून प्लास्टिकचं एक भांडं काढलं, तराजूवर ठेवलं, भांड्याचं वजन धरलं जाऊ नये म्हणून त्याचा पासंग काढला आणि त्यात बरोबर अर्धा किलो साखर घातली. साखर कुठवर आली ते त्यांनी भांड्याच्या बाहेरून खडूनं रेघ मारून दाखवलं. मग ती साखर त्यांच्या मिक्सरमध्ये घालून दळली, दोन-तीन वेळा हलवून परत दळली, आणि चाळून पुन्हा त्याच भांड्यात ओतली. पीठ रेघेच्या वर गेलं, बरंच वर. भांडं जवळजवळ काठोकाठ भरलं.

"वाढली का न्हाय साखर?" त्यांनी मला विचारलं.

"वाढली," मी म्हणालो.

त्यांनी भांडं तराजूवर ठेवलं. काटा पाचशेला आला. मिक्सरच्या झाकणाला चिकटलेली पाच-सहा ग्रॅम सोडली तर पाचशेच.

"वजन वाढत न्हाय, साहेब. जागा वाढतीया. कपात मोजाल तर पावणेदोन. किलोत मोजाल तर तेवढ्याला तेवढी." मग त्यांनी भांडं दोनदा फळीवर आपटलं. पिठी खाली बसली, जवळजवळ बोटभर. "आन हे बघा. तेवढीच साखर, पण हिच्या कपात एक मावंल, त्यांच्या कपात दुसरी. जो दाबून भरंल त्याचं गोड, जो सैल भरंल त्याचं अळणी. म्हणून आमच्याकडं कप न्हाय."

मी एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो की माप आणि वजन यांत फरक असतो. तेल लिटरनं घेतलंत तर किलो नाही भरणार, असं मी शाळांत भाषणं देताना सांगत असे. आणि तरी पावणेदोन हा आकडा कपाच्या शेजारून उचलून मी किलोच्या शेजारी नेऊन ठेवला होता. मला लाज वाटली, ती हिशेब चुकल्याची नाही. चाचांना जे बोललो होतो त्याची.

"चाचा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"असं हुतंय, साहेब," ते म्हणाले. "आमचा तराजू बंद केलासा तवा तुमचं बरोबर हुतं, आज आमचं. चला, मैदा काढा."

मैदा नव्हता. अध्यक्षबाईंनी फोन करून घरून आणवला. या वेळी चाचांच्या तराजूवर सगळं मोजलं: मैदा पाच किलो, तूप अडीच, पिठी अडीच. आमच्या हिनं पिठी चाळायला घेतली. तिची आई जे आयुष्यभर करत आली होती तेच आम्ही पाच जणांनी, एक ऑनलाइन क्लास आणि एक पेन्शन खर्ची घालून, दोन खेपा वाया घालवून सिद्ध केलं होतं. तिनं मला ते बोलून दाखवलं नाही, याची बोच मला आजतागायत आहे. बोलली असती तर मी वाद घातला असता.

नानकटाई उत्तम झाली. हलकी, वर तडे गेलेली, तोंडात घालताच विरघळणारी.

त्यानंतर मला साखरेचं वेड लागलं. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा आणला आणि मॅडमकडून तो प्लास्टिकचा कप मागून घेतला. आमच्या हिच्या ओट्यावर चार दिवस माझा मुक्काम होता. साधी साखर कपात दोनशे ग्रॅम. दाणा फार मोठा असेल तर थोडी कमी. पिठी नुकती चाळून अलगद भरली तर शंभराच्या आसपास, चमच्यानं नेहमीसारखी भरली तर एकशेवीस, बोटानं दाबली तर एकशेचाळीसच्या पुढे. एकाच कपात एकाच साखरेची तीन वजनं! नोकरीत असतो तर मी त्या कपावर खटला भरला असता. बाजारच्या आयसिंग शुगरच्या पुडीवर मागे बारीक अक्षरात कॉर्नफ्लोअर घातल्याचं लिहिलेलं सापडलं. गोळे होऊ नयेत म्हणून घालतात. म्हणजे घरी दळलेली आणि ती अगदी एकच नव्हे. बायकोनं मला एक स्वतंत्र चाळणी दिली आणि म्हणाली, "सगळ्या साखरेला मुंग्या लागायच्या आत संपवा तुमचं संशोधन."

कॅस्टर शुगरचं प्रकरण लवकर मिटलं. मॅडमनी पहिला केक साध्या साखरेनं करून बघितला. लोण्यात साखर कितीही फेटली तरी दाणे तसेच राहिले. केक जड झाला आणि वरच्या पापुद्र्यावर न विरघळलेल्या साखरेचे तपकिरी ठिपके उठले. मग आम्ही साखर मिक्सरमध्ये थांबून थांबून तीन-चार झटके दळली, इतकीच की रव्यासारखी व्हावी, पीठ होऊ नये. मिक्सर सुरू ठेवून फोनवर बोललं की तिची पिठी होते; मॅडमची एकदा झाली. कपात मोजली तर कॅस्टर साध्या साखरेइतकीच भरली, आणि वजनाला तर फरकाचा प्रश्नच नव्हता. दोनशेच्या जागी दोनशे. या प्रकरणात मला काही सल्ला देता आला नाही, म्हणून ते मला फारसं आवडलं नाही.

ब्राउन शुगरनं मात्र सभा तापली. मॅडमनी मॉलमधून ती आणली, तर मूठभर साखरेची चिमुकली पुडी. आम्हाला लागणार होती दोन किलो.

अध्यक्षबाई उठल्या. "आमच्या शेतात ऊस. दारात गुऱ्हाळ. आन साखर आम्ही पुड्यांत घेऊन यायची? म्हंजे कुंभारानं मडकं इकत घ्यायचं! ती तपकिरी का असतीया, ते सांगा आधी."

मॅडमनी सांगितलं की पांढऱ्या साखरेला उसाची मळी लावलेली असते. त्यानं ती ओलसर राहते, कुकी मऊ होते.

"मग गूळ किसून घाला की!"

गूळ किसून घातला. कुकीत त्याचे खडे राहिले आणि ते चिकट होऊन पत्र्याला धरले. मग आमची ही म्हणाली, "काकवी लावून बघा." काकवी सगळ्यांच्या घरात होती. मळीइतकी ती काळी आणि कडवट नसते, पण उसाचाच घट्ट रस तो. अध्यक्षबाईंकडून बरणी आली. मी काटा घेऊन बसलो: साधी साखर एकशेऐंशी ग्रॅम, काकवी वीस, म्हणजे एक मोठा चमचा. हातानं चोळत गेलो तसा रंग चढला, आणि शेवटी ओल्या वाळूसारखी साखर झाली. मुठीत दाबली की मुठीचा आकार धरणारी. ती कपात सैल भरली तर एकशेपन्नासच बसली, अंगठ्यानं दाबून भरली तर दोनशेच्या वर गेली. मॅडमच्या कृतीत 'दाबून भरलेला कप' असं लिहिलं होतं, आणि तो शब्द आजवर त्यांना नक्षीचा वाटत होता. दाबून भरली तर साधी साखर आणि ब्राउन शुगर कपालाही जवळजवळ बरोबर आणि वजनालाही बरोबर. न दाबता भरली, तर नानकटाईच्या पहिल्या खेपेसारखीच गत.

कुकीज भट्टीतून आल्या त्या कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी एक हातात घेतली, वाकवली, आणि ती मोडायच्या ऐवजी वाकली तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, ही नरम पडली," ते हळूच म्हणाले. "परत घालू काय आत?"

"नाही चाचा, अशीच हवी असते."

"नरमच?" त्यांनी परत विचारलं. "बिस्कूट, आन नरम?" तीन पिढ्यांत त्यांच्या बेकरीतून मऊ बिस्किट बाहेर गेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "म्हाताऱ्यांस्नी द्यायची हाय न्हवं? मग बरं हाय. दातांचं काम न्हाय."

वृद्धाश्रमात फराळ पोचला. तिथल्या एका आजोबांनी बटर केक बाजूला ठेवला, कुकी चहात बुडवून खाल्ली आणि विचारलं की चकली नाही का. मंडळानं तो भाग अहवालात घेतला नाही.

दिवाळीनंतर मंडळाचा समारंभ झाला. मंचावर फ्लेक्स लावला होता. त्यावर मॅडमचा फोटो, माझा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'एक साखर = पावणेदोन पिठीसाखर'. कप नाही, किलो नाही, काही नाही. मी अध्यक्षबाईंना म्हणालो की एवढ्यानंच तर पाच किलो मैदा वाया गेला. मधे कप हा शब्द घाला. त्या म्हणाल्या, "फ्लेक्स छापून झालाय. आता कसला कप!" शेवटी मी शिडी मागवली आणि काळ्या मार्करनं दोन ठिकाणी 'कप' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, माझ्याच फोटोच्या कानावर. मग भाषणं झाली. मॅडमनी साखरेचं शास्त्र सांगितलं, पुण्याचं नाव चार वेळा घेतलं. मला 'शर्करा-मार्गदर्शक' म्हणून शाल आणि नारळ दिला. बायको पहिल्या रांगेत बसली होती. काकवीचं नाव कोणी काढलं नाही, तिनंही नाही. चाचांना बोलावणंच गेलं नव्हतं. आमंत्रणाची यादी गटावर तयार झाली आणि चाचा गटात नव्हते, एवढंच कारण. मी शाल अंगावर घेतली, टाळ्या ऐकल्या, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

"बोलायला हवं होतं तुम्ही," आमची ही म्हणाली.

"तुझ्याबद्दलही बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"माझं राहू दे. त्यांचं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाल आणि नारळ घेऊन बेकरीत गेलो. दिवाळी संपलेली, गर्दी नव्हती. चाचा भट्टीसमोर बाकावर बसून चहा पीत होते. मी काय झालं ते सगळं सांगितलं. माझा सत्कार, फ्लेक्स, आणि त्यांचं नाव कोणी घेतलं नाही ते. मग शाल उघडून त्यांच्या खांद्यावर घालायला गेलो.

चाचा मागे सरकले. "साहेब, भट्टीम्होरं शाल? मारतायसा काय मला?" आणि ते इतके हसले की चहा सांडला. शाल त्यांनी घडी घालून परत माझ्या हातात दिली. "हे वैनीस्नी घाला. काकवीची अक्कल त्यांची हुती न्हवं?"

त्यांना ते कसं कळलं होतं कोण जाणे. बाजारात सगळं कळतं.

नारळ मात्र त्यांनी हातात घेतला. कानाशी धरून हलवला, फळीवर आपटून दोन वाट्या केल्या, एका वाटीतलं खोबरं सुरीनं उचकटून मला खायला दिलं आणि दुसरी वाटी परत माझ्याकडे ढकलली.

"ह्याची बिस्कुटं करून देतो तुम्हाला. पण घरी न्या, किसा, आन उन्हात वाळवून आणा. ओलं चालत न्हाय." मी उठायला लागलो तेव्हा ते मागून म्हणाले, "आन साहेब, वजन वाळल्यावर करा. ह्याचं कमी हुतंय."